पावसाच्या सीझनल अंदाजाचा सारांश कसा लिहायचा: शक्यता शक्यताच राहू द्या

दरवर्षी एप्रिलच्या मध्यात आयएमडी, म्हणजे आपलं भारतीय हवामान खातं, मान्सूनचा पहिला अंदाज जाहीर करतं आणि तासाभरात तो व्हॉट्सॲपवर एका ओळीचा होऊन फिरायला लागतो. "यंदा ९६ टक्के पाऊस!" नाहीतर "यंदा पाऊस नॉर्मल, शेतकऱ्यांना दिलासा!" मूळ पत्रकात पाच ओळींचं एक टेबल असतं, प्रत्येक ओळीसमोर शक्यतेचा आकडा असतो, आणि फॉरवर्ड होता होता नेमकं ते टेबलच गळून पडतं. उरतं ते आश्वासन, जे हवामान खात्याने कधी दिलेलंच नसतं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांच्यावर हा अंदाज चार ओळीत सांगायची वेळ येते. गावच्या ग्रुपचा ॲडमिन असेल, शेतकरी कंपनीत नवीन लागलेला पोरगा किंवा पोरगी असेल, कृषी सेवा केंद्राच्या बोर्डावर खडूने लिहिणारा असेल. नागपूर जिल्ह्यात बसून लिहितोय म्हणून उदाहरणं इकडचीच घेतो, आणि एकच खरा अंदाज शेवटपर्यंत धरून ठेवतो, ११ एप्रिल २०२३ चा. तो मुद्दाम निवडला कारण त्याचं हेडलाइन एक सांगत होतं आणि टेबल नीट वाचलं तर चित्र बरंच वेगळं दिसत होतं.

पायरी १: दोन टक्के वेगळे करा

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो म्हणून इथे जरा थांबू. अंदाजात दोन प्रकारचे टक्के असतात आणि ते एकमेकांत मिसळले की पुढे काहीही लिहा, ते चुकणारच.

पहिला टक्का पावसाच्या प्रमाणाचा. "एलपीएच्या ९६ टक्के" असं लिहिलेलं असतं. एलपीए म्हणजे दीर्घकालीन सरासरी, १९७१ ते २०२० या ५० वर्षांची, संपूर्ण देशाची, जून ते सप्टेंबरची, आणि ती आहे सुमारे ८७ सेंटीमीटर. म्हणजे ९६ टक्के म्हणजे ८३-८४ सेंटीमीटरच्या आसपास पाऊस. बस्स, एवढंच. दुसरा टक्का शक्यतेचा, म्हणजे अमुक गटातला पाऊस पडायचा चान्स किती.

आता ग्रुपवर "यंदा ९६ टक्के पाऊस" वाचणाऱ्या माणसाला काय वाटतं? त्याला वाटतं की पाऊस पडायची खात्री ९६ टक्के आहे, म्हणजे जवळपास पक्कंच. दहावीच्या मार्कांमुळे आपल्या डोक्यात ९६ टक्के म्हणजे भारीच असं बसलेलंय. आणि खरं बघितलं तर ९६ हा आकडा "नॉर्मल" गटाच्या अगदी खालच्या काठावरचा आहे, कारण देशासाठी नॉर्मल म्हणजे ९६ ते १०४. एक पाऊल खाली गेलं की "सरासरीपेक्षा कमी" सुरू होतं.

म्हणून पहिला नियम हा की सारांशात प्रमाणाचा टक्का आणि शक्यतेचा टक्का एका वाक्यात आणायचे नाहीत. मी तर सांगेन की शक्यता "१०० पैकी" किंवा "१० पैकी" अशी लिहा आणि टक्के हा शब्द फक्त पावसाच्या प्रमाणासाठी ठेवा. एवढं केलं तरी अर्धा गोंधळ जातो.

अजून एक गोष्ट, त्या ९६ च्या पुढे "अधिक-उणे ५ टक्के" असं असतं. ते फॉरवर्डमध्ये सगळ्यात आधी उडतं. ते लिहायचंच, आणि तरीही ९१ ते १०१ ही भिंत आहे असं समजायचं नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये अंदाज ९६ अधिक-उणे ५ होता आणि देशात पाऊस झाला ११० टक्के. २०१८ ला अंदाज ९७ होता, झाला ९१. २०१४ ला ९५ सांगितलं होतं, झाला ८८. म्हणजे वरही जातो, खालीही जातो.

पायरी २: कुठला भाग, कुठला काळ, कशाशी तुलना

टेबल उघडायच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. २०२३ च्या अंदाजासाठी त्या अशा होत्या: भाग संपूर्ण देश, काळ जून ते सप्टेंबर चारही महिने मिळून, तुलना १९७१-२०२० च्या सरासरीशी.

यातला "भाग" हा मुद्दा नागपूरकरांसाठी लय महत्त्वाचा आहे. देशाचा आकडा म्हणजे केरळ, आसाम, राजस्थान सगळ्यांची मिळून सरासरी. तो विदर्भाचा नाही, नागपूर जिल्ह्याचा नाही आणि काटोल-उमरेडचा तर नाहीच नाही. मे अखेरच्या सुधारित अंदाजात देशाचे चार मोठे विभाग करून आकडे देतात आणि आपण त्यात मध्य भारतात येतो, पण तोही विभाग केवढा मोठा आहे बघा, गुजरातपासून ओडिशापर्यंत.

आणि "नॉर्मल" हा शब्दसुद्धा भागाप्रमाणे बदलतो, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. देशासाठी नॉर्मल म्हणजे ९६ ते १०४ टक्के, अरुंद पट्टा. पण सीझन चालू झाल्यावर विदर्भाची किंवा जिल्ह्याची जी आकडेवारी येते त्यात नॉर्मल म्हणजे सरासरीच्या १९ टक्के खालपासून १९ टक्के वरपर्यंत सगळं. विदर्भाची चार महिन्यांची सरासरी साधारण ९४० मिमी धरली तर ७६० मिमी पडला तरी नॉर्मल आणि १११० पडला तरी नॉर्मल. या दोन पावसात शेताचं चित्र किती वेगळं असतं ते कपाशी-सोयाबीनवाल्याला सांगायला नको. म्हणून सारांशात नुसतं "नॉर्मल" कधीच लिहू नका, त्याच्यासोबत कुठल्या भागाचं नॉर्मल आणि किती ते किती, हे यायलाच पाहिजे.

पायरी ३: टेबल जसंच्या तसं उतरवा, नेहमीच्या आकड्यांसकट

२०२३ चं टेबल असं होतं. मधला कॉलम त्या वर्षीची शक्यता, शेवटचा कॉलम कुठल्याही साध्या वर्षाची शक्यता, म्हणजे काहीच माहिती नसताना फक्त जुन्या रेकॉर्डवरून जेवढी निघते तेवढी.

| पावसाचा गट (देशाच्या सरासरीच्या टक्क्यात) | २०२३ ची शक्यता, १०० पैकी | नेहमीची शक्यता, १०० पैकी |
|---|---|---|
| खूप कमी (९० च्या खाली) | २२ | १६ |
| सरासरीपेक्षा कमी (९० ते ९५) | २९ | १७ |
| नॉर्मल (९६ ते १०४) | ३५ | ३३ |
| सरासरीपेक्षा जास्त (१०५ ते ११०) | ११ | १६ |
| खूप जास्त (११० च्या वर) | ३ | १७ |

(शेवटच्या कॉलमची बेरीज ९९ येते, ती आकडे पूर्णांकात केल्यामुळे, त्यात घाबरायचं काही नाही.)

शेवटचा कॉलम लोक सोडून देतात आणि तिथेच अंदाजाचा जीव असतो. नुसतं "दुष्काळाची शक्यता २२" वाचलं तर कोणाला ते खूप वाटेल, कोणाला काहीच वाटणार नाही, कारण तुलनेला काही नाही. शेजारी १६ ठेवलं की कळतं, शक्यता नेहमीपेक्षा वाढलीये पण फार नाही. आणि खालची ओळ बघा, खूप जास्त पावसाची शक्यता १७ वरून ३ वर आली. १७ म्हणजे लुडोच्या फाशावर सांगितलेला आकडा पडायचा जेवढा चान्स तेवढा, आणि तिथून तो जवळजवळ संपलाच. माझ्या मते त्या वर्षीच्या टेबलातली सगळ्यात ठळक बातमी हीच होती आणि ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये माझ्या पाहण्यात आली नाही.

पायरी ४: बेरीज करा, पण विजेता घोषित करू नका

पाच ओळी ग्रुपवर कोणी वाचत नाही हे मान्य. म्हणून तीन करायच्या. वरच्या दोन ओळींची बेरीज, मधली एकटी, खालच्या दोन ओळींची बेरीज. २०२३ साठी येतं ५१, ३५, १४. नेहमीच्या वर्षासाठी येतं ३३, ३३, ३३. किती सोपं झालं बघा.

आता हे आकडे बघून थोडं शांत बसा. पाच गटांत सगळ्यात मोठा आकडा नॉर्मलचा होता, ३५, आणि मधला अंदाजही ९६, म्हणून हेडलाइन झालं "नॉर्मल पाऊस". पण कमी पावसाचे दोन गट एकत्र केले तर ५१ होतात. नॉर्मल सगळ्यात मोठा दिसला तो गटांची विभागणी तशी आहे म्हणून, नॉर्मलचा पट्टा मुळातच नेहमीच्या वर्षी ३३ चा असतो आणि बाजूचे गट त्याच्या अर्धे.

इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. "अरे, ५१ म्हणजे जास्त आहे ना, मग लिहा यंदा पाऊस कमी पडणार." नाही. तेही तेवढंच चुकीचं आश्वासन आहे, फक्त उलट दिशेचं. ५१ आणि ४९ मध्ये निवडणुकीसारखा निकाल लागत नाही. इथे ४९ वाला पण घरी बसत नाही, तोसुद्धा जून ते सप्टेंबर आपल्या शेतावर येऊ शकतो. सारांशात दोन्ही बाजू आकड्यासकट दिसल्या पाहिजेत, आणि छोटी बाजू "मात्र" किंवा "तरीही" लावून शेवटी कोपऱ्यात ढकलायची नाही, मोठ्या बाजूच्या लगेच शेजारी ठेवायची.

पायरी ५: क्रियापद तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. आपला मजकूर लिहून झाला की त्यातल्या "पडेल", "पडणार", "होणार", "राहणार", "येणार" या सगळ्यांवर बोट ठेवा. प्रत्येक ठिकाणी विचारा की त्या टेबलात हे असं लिहिलंय का? बहुतेक वेळा नसतं.

"यंदा पाऊस समाधानकारक राहील" याच्या जागी "१०० पैकी ४९ शक्यता आहे की पाऊस नॉर्मल किंवा त्याहून जास्त होईल". "दुष्काळाचं सावट" याच्या जागी "खूप कमी पावसाची शक्यता १०० पैकी २२, नेहमी १६ असते". वाक्य रुक्ष होतं हे खरं, पण खरं राहतं.

आणि आकडा न देता "शक्यता आहे", "दाट शक्यता", "चांगलीच शक्यता" असं लिहून सुटका करून घेऊ नका. "दाट शक्यता" वाचून एक जण ६० समजतो आणि दुसरा ९०. शब्द वापरायचाच असेल तर वापरा पण आकडा त्याला चिकटून पाहिजे. "समाधानकारक", "दिलासा", "चिंता" हे तर पावसाचे शब्दच नाहीत, ते आपल्या मनाचे शब्द आहेत, ते काढून टाका.

कारणं सांगतानाही हेच. २०२३ ला एल निनोची बातमी होती, आणि "एल निनो आला म्हणजे दुष्काळ" हे वाक्य इकडे पानठेल्यावर पण ऐकायला मिळतं. २००९ आणि २०१५ ला एल निनो होता आणि पाऊस खरोखर खूप कमी झाला. पण १९९७ ला जोरदार एल निनो असून देशात सरासरीपेक्षा थोडा जास्तच पाऊस पडला. एल निनोने कमी पावसाची शक्यता वाढते, एवढंच लिहायचं. आणि त्याचा परिणाम टेबलातल्या आकड्यांत आधीच धरलेला असतो, म्हणून "५१ आणि वरून एल निनो" असं एकावर एक रचायचं नाही.

पायरी ६: नकाशा वाचताना रंगाला फसू नका

पत्रकात एक रंगीत नकाशाही असतो आणि लोक टेबल सोडून तोच शेअर करतात कारण त्यात आपला विदर्भ दिसतो. त्यात तीन गट असतात, कमी, नॉर्मल, जास्त, आणि नेहमीच्या वर्षी तिघांची शक्यता सारखी, साधारण ३३-३३-३३. प्रत्येक ठिकाणी तिघांपैकी ज्याची शक्यता सगळ्यात जास्त त्याचा रंग भरतात, आणि शक्यता जितकी जास्त तितका रंग गडद.

म्हणजे गडद रंगाचा अर्थ जास्त पाऊस नव्हे, तर त्या गटाची शक्यता जास्त. गडद निळं बघून "इथे धो धो पडणार" लिहिणारे खूप आहेत. तो निळा फक्त एवढं सांगतो की सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता इथे बरीच आहे, किती मिलिमीटर जास्त हे तो सांगतच नाही.

समजा एखाद्या वर्षी नागपूरच्या डोक्यावर कमी पावसाचा फिकट रंग आहे आणि बाजूच्या पट्टीवर त्या रंगाची शक्यता ४० च्या आसपास दिसतेय. याचा सारांश "विदर्भात कमी पाऊस" असा होत नाही. तो असा होतो की "कमी पावसाची शक्यता १० पैकी ४, नेहमी ३ च्या थोडी वर असते, उरलेल्या ६ मध्ये नॉर्मल किंवा जास्त". नकाशाने ते ६ दाखवलेच नाहीत, एकच रंग दाखवला, म्हणून ते आपल्याला शब्दात परत आणावे लागतात.

आणि नकाशात जमिनीवर पांढरा भाग असतो. तो बघून कोणी "नॉर्मल" लिहितं, कोणी "पाऊस नाही" लिहितं, दोन्ही चूक. पांढरा म्हणजे तिथे मॉडेलला कुठलाच कल दिसला नाही, तिन्ही शक्यता नेहमीसारख्याच. "आपल्या भागासाठी अंदाजात कुठलाच कल नाही" असं सरळ लिहून टाका. लोकांना ते आवडत नाही, पण ते उत्तरच आहे.

पायरी ७: यात काय नाही ते लिहा

सीझनल अंदाज चार महिन्यांची एकूण बेरीज सांगतो. शेतकऱ्याला पाहिजे असतं ते वेगळंच: पाऊस कधी लागणार, पेरल्यावर उघाड पडेल का, सोयाबीनच्या शेंगा भरताना पाणी मिळेल का. यातलं काहीच त्या टेबलात नसतं, आणि हे आपण लिहिलं नाही तर वाचणारा ते स्वतःच भरून घेतो.

२०२३ मध्ये पुढे काय झालं ते बघा. देशात जूनमध्ये सरासरीच्या ९१ टक्के पाऊस, जुलैमध्ये ११३, ऑगस्टमध्ये फक्त ६४ आणि सप्टेंबरमध्ये परत ११३. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. चारही महिने मिळून बेरीज ९४. आता त्या ९४ कडे बघून कोणाला ऑगस्टचा खंड दिसेल का? आणि नागपूरकरांना वेगळं सांगायला नको की त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांतच १०० मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, माणसं गेली. देशात कमी पावसाचं वर्ष आणि आपल्या शहरात पूर, दोन्ही एकाच सीझनमध्ये. म्हणून "यंदा पाऊस कमी म्हणजे पुराची काळजी नाही" हे वाक्य कोणाच्याही सारांशात येता कामा नये.

पेरणीचा निर्णय तर एप्रिलच्या आकड्यावर सोडायचाच नाही. त्यासाठी कृषी खात्याचा तो साधा नियम आहे की ७५ ते १०० मिमी चांगला पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दर गुरुवारी येणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज आहे, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्यांचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज आहे. सारांशाच्या शेवटी एवढं लिहिलं तरी धूळपेरणी करून दुबार पेरणीत अडकणारा एखादा माणूस थांबू शकतो.

आता पूर्ण सारांश

आधी तसा नको:

"गुड न्यूज! यंदा ९६ टक्के पाऊस, मान्सून नॉर्मल राहणार. विदर्भातील शेतकऱ्यांना दिलासा. पेरणीच्या तयारीला लागा."

एवढासा मजकूर आणि त्यात चार गोष्टी चुकीच्या. ९६ हा शक्यतेसारखा वाचला जातो, "राहणार" हे आश्वासन आहे, देशाचा आकडा विदर्भाला चिकटवला, आणि पेरणीचा सल्ला तर अंदाजात कुठेच नव्हता.

आता असा:

"आयएमडीचा पहिला मान्सून अंदाज, ११ एप्रिल २०२३. जून ते सप्टेंबर, संपूर्ण देश मिळून. देशाच्या सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज, ५ टक्के खाली-वर होऊ शकतो.
सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता १०० पैकी ५१ (त्यातली २२ खूप कमी पावसाची). नॉर्मलची ३५. जास्त पावसाची १४. नेहमीच्या वर्षी हे तिन्ही ३३-३३ असतात.
म्हणजे कल कमी पावसाकडे आहे, आणि नॉर्मल किंवा जास्त पाऊस होण्याची शक्यताही जवळपास निम्मी आहे.
हा आकडा विदर्भाचा किंवा आपल्या जिल्ह्याचा नाही. पाऊस कधी येईल, खंड किती पडेल, हे यात नाही. सुधारित अंदाज मे अखेर येईल. पेरणी ७५-१०० मिमी पाऊस झाल्यावर, तेव्हाचा साप्ताहिक अंदाज बघून."

मोबाइलवर एका स्क्रीनमध्ये जवळपास बसतं. याहून छोटं करायचं असेल तर शब्द कापा पण तीन गोष्टी कापू नका: भाग कुठला, दोन्ही बाजूंचे आकडे, आणि नेहमीचा ३३.

पाठवायच्या आधी एक टेस्ट करा. डोळे मिटून समजा की सप्टेंबर संपला आणि पाऊस ९४ टक्के झाला, आता आपला मजकूर परत वाचा, खोटा ठरतो का? मग समजा १०२ झाला, परत वाचा. दोन्ही वेळा मजकूर खरा राहिला पाहिजे. वरचा "गुड न्यूज" वाला पहिल्याच वेळी पडतो. "कमी पाऊस पडणार" वाला दुसऱ्या वेळी पडतो.

तोंडी विचारलं तर

लिहिलेलं एकवेळ सांभाळता येतं, फोनवर जास्त कठीण जातं. हिंगण्याकडचे एक काका, कपाशीवाले, असा मेसेज गेला की हमखास फोन करतात.

"बाप्पा, एवढे आकडे कायले पायजे, पडते का नाही पडत ते सांग ना सरळ."

"काका, असे दहा सीझन धरा. पाचात पाऊस कमी होते, पाचात बरा होते."

"म्हंजे अर्ध-अर्धच म्हन ना."

"हो, पण नेहमी तीनात एक सीझन कमीचा असते काका, यंदा दोनात एक आहे. एवढा फरक पडला."

"मंग मी काय करू?"

"कमी पडला तरी तुमचा किती खर्च निघते ते बघा, आणि बरा पडला तर काय हातचं जाईल तेही बघा. बाकी बियाणं पेरायचं ते जूनमध्ये पाऊस बघूनच."

इथे दोन गोष्टी मुद्दाम केल्या. टक्के सोडून "दहा सीझन" म्हटलं, कारण टक्के कानावरून जातात पण दहा सीझन माणूस बोटावर मोजतो. आणि "काय करू" ला आपण पीक सांगितलं नाही. एकाला विहीर आहे, एकाला नाही, एकाच्या डोक्यावर कर्ज आहे, एकाच्या नाही, तेच ५१ दोघांसाठी वेगळं. विहीरवाला कदाचित काहीच बदलणार नाही आणि कोरडवाहूवाला कपाशीत तुरीच्या ओळी वाढवेल, दोघंही बरोबर असू शकतात. आपण आकडा नीट पोचवायचा, निर्णय ज्याचं शेत त्याचा.

अंदाज बदलला की

मे अखेर सुधारित अंदाज येतो, त्यात चूक-मर्यादा ५ वरून ४ वर येते, विभागांचे आकडे असतात आणि जूनचा वेगळा अंदाजही असतो. पुढे जून अखेर जुलैचा येतो आणि जुलै अखेर ऑगस्ट-सप्टेंबरचा. नवीन मेसेज टाकताना जुना डिलीट करू नका, नव्याच्या शेजारी जुने आकडे तारखेसकट ठेवा, "एप्रिलमध्ये इतके होते, आता इतके". नाहीतर लोक म्हणतात हवामान खात्याने शब्द फिरवला, आणि तसं वाटतं कारण आपण एप्रिलमध्ये तो शब्द म्हणून दिलेला असतो.

सरावासाठी २०२४ चा एप्रिलचा अंदाज घ्या, तो उलट्या बाजूचा होता. १०६ टक्के, अधिक-उणे ५. गट वरून खाली असे: खूप कमी २, कमी ८, नॉर्मल २९, जास्त ३१, खूप जास्त ३०. तीन ओळी करून बघा, १०, २९, ६१ येतात. तेव्हा "यंदा भरपूर पाऊस" असं फिरलं होतं. ६१ खरंच मोठा आकडा आहे, पण १०० पैकी ३९ वेळा भरपूर नसतो, हे तुमच्या सारांशात कुठे दिसतं ते तपासा.

आणि ऑक्टोबरमध्ये सीझनचा आकडा आला की तो जुन्या टेबलाच्या शेजारी लिहून ठेवा. २०२३ ला देशाचा आकडा ९४ आला, म्हणजे २९ वाल्या गटात. २०२४ ला १०८ आला, म्हणजे ३१ वाल्या गटात. यावरून "अंदाज बरोबर निघाला" किंवा "फसला" असं एकेका वर्षावर लिहू नका, कारण २९ शक्यता असलेली गोष्ट झाली तर आकडा चुकला असं होत नाही आणि सिद्धही होत नाही. १०-१५ वर्षांची वही झाली की मग बघता येतं, जिथे १०० पैकी ३० सांगितलं होतं ते गट खरंच तेवढ्याच वेळा आले का. वहीत चार कॉलम पुरेत: तारीख, तीन बेरजा, नेहमीचा ३३, आणि शेवटी झालेला पाऊस.